असोद्याच्या सादियाचा बॉट

असोद्याची सादिया जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. वडील असलम मिस्त्री बांधकामावर. एप्रिलमध्ये दोन मजूर उन्हाने आडवे झाले, तेव्हा तिने टेलिग्रामवर आपोआप मेसेज पाठवणारा बॉट बनवला. रोज सकाळी साडेसहाला क्लासचा कॉम्प्युटर हवामानाचा अंदाज उचलायचा आणि मजुरांच्या ग्रुपवर टाकायचा. पारा त्रेचाळीसच्या वर जाणार असला की लाल खूण आणि सूचना : 'बारा ते चार काम थांबवा.'

महिनाभर सगळे तिचं कौतुक करत होते. मजूर आकाशाकडे बघायचे सोडून मोबाईलकडे बघू लागले.

मे महिन्यात सादिया वडिलांसोबत चाळीसगावला लग्नाला गेली. त्याच दिवशी मुकादम प्रेमराजने ग्रुपची एक सेटिंग बदलली. जुने मेसेज नव्या माणसांना दिसावेत एवढंच त्याला हवं होतं. पण तसं करताच टेलिग्रामने साध्या ग्रुपचा सुपरग्रुप केला आणि त्याचा आयडी, म्हणजे ओळखक्रमांक, बदलला. बॉट मात्र जुन्याच आयडीवर मेसेज पाठवत राहिला. दुसऱ्या दिवशी, बापलेक परतायच्या आत, पारा शेहेचाळीसवर होता. ग्रुपवर काहीच आलं नाही.

सेंट्रिंगवाले हिलालनाना भर दुपारी स्लॅबवर चढले आणि तिथेच कोसळले. जीव वाचला, पण जीभ जड झाली आणि उजवा हात उचलेना.

सादिया भेटायला गेली तेव्हा त्यांची बायको बेबाबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "मेसेज उना नही, म्हनीसन त्या चढनात."

क्लासमध्ये येऊन सादियाने बॉटच्या कामाची नोंद, म्हणजे लॉग, उघडला. टेलिग्रामने मेसेज नाकारला होता, आणि त्याच उत्तरात नवा आयडीही दिला होता. तो वाचायची सोय तिने प्रोग्राममध्ये केलीच नव्हती. तिने ती केली. वर, मेसेज नाकारला गेला तर आपल्याच मोबाईलवर कळावं, अशीही व्यवस्था केली.

बॉट पुन्हा बोलू लागला. एका सकाळी आकडा आला बेचाळीस पूर्णांक आठ. प्रेमराजने खाली लिहिलं, 'लाल खूण नाही. दुपारी सगळे वर पाहिजेत.'

ते वाचून सादियाचं डोकं तापलं. मर्यादा चाळीसवर आणतेय, असं तिने ग्रुपवर कळवलं. प्रेमराजचा फोन आला. "ताई, चाळीसला काम थांबवलं तर उन्हाळाभर बिनपगारी सुट्टीच म्हणायची! आणि नानांच्या वेळी तुझा बॉट बंद होता, हे लोक विसरले नाहीत."

तिने तरी मर्यादा बदलली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला तिच्या मोबाईलवर सूचना आली : मेसेज नाकारला, बॉटला ग्रुपमधून काढून टाकलं आहे.

असलम मिस्त्री चपला घालत होते. तिने मोबाईल पुढे धरला. "अब्बा, तुम्ही तरी बोला ना प्रेमराजशी."

"काल तुला सोडून वेगळ्या ग्रुपवर विचारलं त्याने, ठेवायचा की काढायचा," ते खाली बघत म्हणाले. "काढा म्हणून मीही लिहिलं, बेटा. सगळ्यांनीच लिहिलं."