सातव्या भागातला नावाडी

अंबिकाकाकू रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की मोबाईलवर एकाच मालिकेचा सातवा भाग लावायच्या. त्यात एक म्हातारा नावाडी आहे. तेलुगू मालिका, पण मराठीतला त्याचा आवाज काकूंच्या यजमानांचा, मल्लिनाथकाकांचा. लातूरच्या शाळेतून निवृत्त होऊन काका नांदेडला आले आणि माझ्या छोट्या स्टुडिओत हौसेनं डबिंग करू लागले. ते जाऊन दीड वर्ष झालं.

जुलैच्या एक तारखेला काकू तडक स्टुडिओत आल्या.

"रविकिरण, मालिकाच न्हाई रे. काय बिघडलं बघ."

बिघडलं काहीच नव्हतं. मालिकेच्या हैदराबादच्या मालकानं ती ओटीटी प्लॅटफॉर्मला फक्त भारतापुरती, तीन वर्षांसाठी दिली होती. तीस जूनला मुदत संपली आणि सगळ्या भाषांसकट ती उतरली.

"पण मी डाउनलोड केलती की!"

मी फोन पाहिला. डाउनलोडलाही तीच मुदत असते. भागाचं चित्र दिसत होतं, पण भाग उघडत नव्हता.

"उघडंना का? मग मी लई मोठी चूक केली रे," काकू खुर्चीत बसल्या. फोन भरला म्हणून त्यांनी काकांचे व्हॉट्सॲपवरचे सगळे व्हॉईस मेसेज पुसले होते. डाउनलोड केलेलं आपलंच, आणि त्यात आवाजही स्वच्छ, असा हिशेब. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांची मुलगी मंजुश्री मस्कतला असते. तिला कळवलं तसा तिचा लगेच फोन आला, "आई, इथं दिसतीय मालिका!" आखाती देशांचे हक्क दुसऱ्या कंपनीला वेगळे विकलेले, त्यांची मुदत अजून शिल्लक होती. काकूंचा चेहरा उजळला. मंजुश्रीनं व्हिडिओ कॉलवर सातवा भाग लावला. नावाडी आला, तोंड उघडलं आणि तेलुगू बोलला. मराठी आवाज भारताच्या करारातच होता, तिकडे तो दिलेलाच नव्हता.

"बंद कर बाई," काकू म्हणाल्या.

खरी शरमेची गोष्ट माझी. काम सोपवलं की स्टुडिओतल्या प्रती पुसायच्या, असं करारात होतं आणि मी इमानानं पुसल्या होत्या. हैदराबादला फोन केला. नव्या प्लॅटफॉर्मशी बोलणी चालू आहेत, म्हणाले. कधी, आणि मराठीसकट की नाही, ते सांगता येत नाही.

"मग तू म्हण," काकू म्हणाल्या. "तूच रेकॉर्ड केलतास ना?"

मी माईकसमोर उभा राहून नावाड्याचं वाक्य म्हटलं. "बस बाई नावेत. पाणी लई हाय, पण मी हाय."

"असं न्हाई. 'पण' म्हणून थांबायचे ते. पार वल्हं पाण्यात जाईस्तवर."

मी पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलो. शेवटी काकू उठल्या, मला बाजूला सारलं आणि माईकसमोर आल्या.

"पाणी लई हाय, पण..." त्या थांबल्या. मी वाट बघत राहिलो. पुढचे दोन शब्द त्यांना काही म्हणवेनात.