डाख न देता जोडलेली नळी

१७ जानेवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. सांगलीहून मावशीच्या यजमानांचा, म्हणजे काकांचा, फोन आला तेव्हा माझे वडील आबा अंगणात चहा पीत होते आणि मी कारखान्याच्या बसची वाट पाहत होते. मावशीच्या पलंगामागची भिंत ओली झाली होती आणि ओल यंत्राच्या प्लगपर्यंत पोहोचत होती. मावशीच्या फुप्फुसांचा आजार जुना. दिवसरात्र ऑक्सिजनचे यंत्र चालू असे, नाकातली नळी काढली की ती चार वाक्येही सलग बोलू शकत नसे.

त्या भिंतीत कुठून काय जाते हे मला पाठ होते. गच्चीवरच्या सौर बंबापासून न्हाणीपर्यंत गरम पाण्याची तांब्याची नळी आबांनीच घातली होती. सैन्यात त्यांनी आयुष्यभर नळकाम केले. निवृत्तीनंतर नातेवाइकांच्या घरांत हौसेने केले. मी तेव्हा शाळेत होते. डाखाच्या मलमाची डबी धरणे हे माझे काम. ज्योत नळीवर फिरे, मलम उकळे आणि आबा तार टेकवताच डाख सांध्याभोवती धावत जाऊन चंदेरी कडे तयार होई. राळेचा तो वास आणि काकांच्या दुकानातून येणारा हळदीचा वास माझ्या आठवणीत आजही एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

मी आता साताऱ्यातच नळजोड बनवणाऱ्या कारखान्याच्या चाचणी विभागात आहे. आमचे जोड डाखाशिवाय बसतात. निघण्यापूर्वी मी आबांना एकच प्रश्न विचारला.

"नळी केवढी?"

"पाच सूत."

पाच सूत म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश, म्हणजे १५.८८ मिलिमीटर. आमचा नेहमीचा जोड पंधरा मिलिमीटरचा, तो या नळीवर चढलाच नसता. कारखान्यात जाऊन साहेबांच्या परवानगीने मी परदेशी पाठवायच्या मालातले इंचाच्या मापाचे दोन्ही प्रकारचे जोड, ते आवळायचे यंत्र, हातपंप आणि दाबमापक घेतले. आबांनी त्यांची जुनी पिशवी घेतली. सांगलीच्या बसमध्ये नळी तापवायचा ब्लोलँप त्यांच्या मांडीवर होता.

"तुजं ते जोड धरतात कशानं?" इस्लामपूर मागे पडल्यावर त्यांनी विचारले.

"आत पोलादी दात असतात, ते नळी पकडतात. पाणी रबराची कडी अडवते."

"म्हंजे पाणी रबराच्या भरवशावर." ते खिडकीबाहेर पाहू लागले.

घरी पोहोचलो तेव्हा काकांनी पलंग पुढे ओढून वीतभर भिंत फोडून ठेवली होती. कारण लगेच दिसले. यंत्राची नळी पायात येऊ नये म्हणून काकांनी भिंतीत खिळा ठोकला होता. तो थेट तांब्यात गेला होता. खिळ्यानेच भोक बुजवले होते म्हणून दोन दिवस कुणाला कळले नाही. शेजारचा आबांचा डाख कोरडा आणि शाबूत होता.

"नेम लय चांगला हाय पाव्हण्यांचा," आबा म्हणाले.

"आवं दाजी, चाळीस वर्षं संसार केला. नेमकं कुटं टोचायचं ते त्यास्नी ठावं हाय," मावशी पलंगावरून म्हणाली आणि श्वास घ्यायला थांबली.

आबांनी सवयीने ब्लोलँप बाहेर काढला. मी काही बोलण्याआधीच त्यांची नजर यंत्रावर गेली.

"तासभर यंत्र बंद ठेवलं तर?" काकांनी विचारले.

मी नाही म्हटले. यंत्र बंद केले तरी ऑक्सिजन पांघरुणात, कपड्यांत मुरलेला असतो. तिथे ठिणगीही नको. दुसरा मार्ग मावशीला दवाखान्यात हलवण्याचा. ती मागच्या वेळी तिथून महिन्याने परतली होती.

"मी या खोलीतनं हालणार न्हाई," ती म्हणाली. "नळ नसला तर नसू दे."

आबांनी ब्लोलँप पिशवीत ठेवला आणि पिशवी अंगणात नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाले, "तुजं काढ."

माझ्याजवळ दोन पर्याय होते. प्रेस-फिट जोड आवळायच्या यंत्राच्या जबड्याने नळीवर कायमचा दाबला जातो, ओल्या नळीवरही चालतो आणि भिंतीत बुजवता येतो. पण जबडा शिरायला नळीभोवती मोकळी जागा हवी, म्हणजे आणखी विटा फोडणे आणि तिच्या खोलीत आणखी धूळ. पुश-फिट नुसता हाताने ढकलला की बसतो. मी तो निवडला. टाकीची चावी बंद केली, नळीचा भोसकलेला भाग सरळ कापला, आतबाहेरची धार काढली. गच्चीवरून उतरणाऱ्या नळीतले उरलेले पाणी थेंबथेंब येतच राहिले. डाख द्यायचा असता तर या थेंबांनी नळी तापूच दिली नसती. अशा वेळी आबा पावाचा मऊ गर नळीत कोंबत. तो पाणी धरून ठेवी आणि काम झाल्यावर विरघळून नळातून निघून जाई. उरलेला पाव मी खात असे.

"आज पाव आणला न्हाई," आबा म्हणाले. त्यांनाही तेच आठवले होते.

किती खोलवर नळी गेली पाहिजे याची खूण करायला मी पेन शोधत होते. तेवढ्यात आबांनी दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासून लखलखीत केली. नळी हातात आली की त्यांचा हात ते करतोच. मी खूण केली, लांब जोड सरकवून बसवला, न्हाणीच्या नळाला पंप लावून सहा बारपर्यंत दाब चढवला. काटा हळूहळू खाली येऊ लागला. जोडाच्या तोंडाशी पाण्याचा मणी जमला.

"बघ," आबा म्हणाले. "रबर."

जोड काढून मी टोकांवर बॅटरीचा उजेड धरला. तांब्यावर नळीच्या लांबीने बारीक ओरखडे होते. डाखाला असे खरखरीत, स्वच्छ तांबे हवे असते. डाख ओरखड्यांत शिरून घट्ट धरतो. रबराच्या कडीखालून मात्र तोच ओरखडा पाण्याला वाट करून देतो. मी बॅटरी आबांच्या हातात दिली. त्यांनी टोकावरून नख फिरवले.

"डाखाला हेच औषध," ते म्हणाले, "आनि ह्याला इख. काप."

घासलेला भाग कापल्यावर अंतर वाढले. मधे तुकडा लागणार होता. आबा अंगणात गेले आणि पिशवीतून तांब्याचा वीतभर तुकडा घेऊन आले. याच घराच्या कामातून उरलेला, इतकी वर्षे कागदात गुंडाळून ठेवलेला. त्यावर त्यांनी पॉलिश पेपर लावला नाही. धोतराच्या सोग्याने पुसला. दोन्ही बाजूंना नवे जोड, मधे त्यांचा तुकडा. खुणेपर्यंत नळी त्यांनीच ढकलली. या वेळी काटा सहावर थांबला तो चहा होऊन पिऊन संपेपर्यंत तिथेच होता.

भिंत सिमेंटने बुजवायला आबांनी नकार दिला. "रबर हाय तर रबराला दार पायजे." त्यांचे बरोबर होते, आमच्या पुस्तिकेतही तेच लिहिलेले असते. त्यांनी चार स्क्रूंवर पत्र्याचे झाकण बसवले. गच्चीवर सौर बंबाजवळचे डाखाचे सांधे मात्र मी तसेच राहू दिले. तिथे उन्हाळ्यात पाणी उकळीच्या जवळ जाते आणि तिथे माझ्या रबराचा भरवसा मीही देणार नाही.

परतीच्या बसची वेळ होत आली होती. मावशीने गरम पाण्याने अंग धुतले होते. ती खोलीत पलंगावर बसली होती, नाकात नळी, केस ओले, मागे कोरडी होत चाललेली भिंत. राळेचा वास नव्हता. मला तो हवा होता हे तेव्हा जाणवले.

"नळीचं तपासलंस," तिने बोट पुढे केले. "आता माजं बघ."

मी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला. आबा झाकणाला टेकून उभे राहिले. आकडा थोडा वरखाली झाला आणि तिच्या मानाने चांगल्या ठिकाणी स्थिर झाला. वहीतल्या दाबाच्या नोंदींखाली मी तोही लिहिला: ९३.