तिची खोडलेली ओळ

माझ्या निरोपसमारंभात एक वक्ता म्हणाला, "पिंपळगावच्या पॅकहाऊसमधली हुशारी सरांनी हेरली." टाळ्या झाल्या आणि मी हात जोडून गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजवर बोचत आलंय. खरं घडलं ते असं.

दोन हजारनंतरची ती वर्षं. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंट ऑफिसर म्हणजे मीच. शेवटच्या वर्षाच्या मुलांमध्ये बायोडाटाबद्दल काय काय समज असायचे! गेटसमोरच्या टायपिंगच्या दुकानात एकच नमुना ठेवलेला होता. सगळी पोरं तोच उतरवायची, त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाचा छंद 'वाचन आणि पोहणे' असायचा. निम्म्यांना पोहता यायचं नाही. शेवटी मी हॉलमध्ये सगळ्यांना जमवून एकदाच बोलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी शीतगृहाची यंत्रं बनवणारी कंपनी येणार होती.

"टक्के लिहिले नाहीत तर चालून जातं, हा पहिला गैरसमज," मी सुरुवात केली. "कंपनीने अट घातलेली असते. टक्के दिसले नाहीत की कागद सरळ बाजूला जातो. तुमच्यासाठी फोन करून विचारायला कोणाला वेळ नसतो."

मागून आवाज आला, "सर, जाड कागदावर प्रिंट काढली तर?"

"तर दुकानदाराची दिवाळी."

हॉल हसला. पुढे मी सांगितलं की पाच पानं लिहिली म्हणजे वजन वाढत नाही. चाळणारा माणूस आधी पहिलं पान बघतो, तेही भरभर. त्याला हव्या त्या कामाची खूण दिसली तरच तो थांबतो.

"आणि सर, इंटरनेटवर टाकलेला बायोडाटा कॉम्प्युटरच नापास करतो म्हणतात?"

"कॉम्प्युटर कशाला नापास करेल? कंपनीवाला एखादा शब्द टाकून शोधतो. तो शब्द तुम्ही लिहिलाच नसेल, तर तुम्ही सापडणार कसे? जे काम खरंच केलंय ते त्याच्या नावानिशी लिहा."

तेवढ्यात मेकॅनिकलची एक मुलगी उभी राहिली. पिंपळगाव बसवंतची. सुट्टीत तिथल्याच द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे तोडलेली द्राक्षं पेट्यांत भरून, आधी गार करून मग शीतगृहात ठेवतात तिथे, काम करायची. शेजारच्या पोरांनी कुजबुज केली, "आली द्राक्षवाली!"

"पेटी घेऊन जा मग, फुकट नाय," ती त्यांच्याकडे न बघताच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सर, माझी ती ओळ तर तुम्हीच खोडली ना?"

मला आठवलं. गेल्या आठवड्यात तिचा बायोडाटा तपासताना 'द्राक्षांच्या शीतगृहात तीन हंगाम काम' या ओळीवर मी लाल रेघ मारली होती. वर म्हणालो होतो, "इंजिनिअर आहेस, शेतावरचं कशाला सांगतेस?" आणि मघापासून मी नेमकं उलट सांगत होतो.

"मी खोडली," मी म्हणालो. "चुकलो. परत लिही."

"नुसती परत नाही लिहिणार सर. काय केलं तेही लिहिते." ती बसली. या वेळी टाळ्या वाजल्या, आणि त्या मला नव्हत्या.

सकाळी कंपनीचा माणूस माझ्याच टेबलावर गठ्ठा चाळायला बसला. कागद पटापट पालथे पडत होते. वाचन आणि पोहणे, वाचन आणि पोहणे. माझा चहा समोर गार झाला. मग तिचा कागद त्याच्या हातात आला. तिने लिहिलं होतं: 'प्रीकूलिंग खोलीत पेट्यांच्या रांगांमध्ये हवा फिरायला फट ठेवून रचना बदलली. द्राक्षांचं तापमान घेऊन नोंद ठेवली.'

त्याचा हात थांबला. त्याने परत वाचलं. "ही मुलगी कॉलेजातच आहे ना? आधी तिला बोलवा."

"लेखी परीक्षा व्हायचीय अजून."

"ती देईलच हो. पण मला आत्ता विचारायचंय, फट नसली की काय होतं?"

तिला बोलावलं. प्रश्न ऐकताच ती दारातूनच सांगू लागली, की गार वारा सोपा रस्ता धरतो, मधल्या पेट्या गरमच राहतात आणि बाहेरच्या गार झाल्या म्हणून आपण खोली उघडून बसतो. तो माणूस खुर्ची सरकवून पुढे झुकला. मला तिथे काहीच काम उरलं नाही.

परीक्षेत ती पास झाली आणि मुलाखतीतही. संध्याकाळी यादी लागली, तेव्हा आदल्या दिवशीच्या त्याच पोरांनी तिला घेरून ओरडा केला, "द्राक्षवाली, पेटी कुठाय?"

"पिंपळगावला या सगळे, घरची खायला घालते!" ती ओरडली. तिचे वडील टेम्पो घेऊन फाटकाशी आले होते. मी पुढे होऊन त्यांचं अभिनंदन केलं, तर ते म्हणाले, "सर, तुमच्यामुळंच झालं बघा."

मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "नाय हो अण्णा. सरांनी खोडलं होतं, मी परत लिहिलं." आणि ती अशी मोकळी हसली, की मलाही हसू आवरलं नाही.

निरोपसमारंभातल्या त्या वक्त्याला मी हेच सांगायला हवं होतं.