भोकं मोजणारा

अबुधाबीतल्या नेमबाजी क्लबात माझं काम कागद लावायचं. समोर मोठा कोरा कागद, गिऱ्हाइकानं काडतूस झाडलं की दाट भागाभोवती तीस इंचांचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. मी आयुष्यात पक्षी मारलेला नाही. भोकं मात्र हजारोंनी मोजली.

एक म्हातारे अर्बाब, म्हणजे इथले शेठ, दर हिवाळ्यात बदकांच्या शिकारीला परदेशी जात. त्या वर्षी तिथं पाण्यावर शिशाचे छर्रे बंद झाले होते. सांडलेले छर्रे बदकं गिळतात आणि विषबाधेनं मरतात म्हणून. आता स्टील वापरायचं. अर्बाबांनी त्यासाठी नवी बंदूक घेतली, पण छर्रे मागितले जुन्याच आकाराचे, पाच नंबरचे.

चाळीस यार्डांवर आधी शिसं झाडलं, मग स्टील. स्टीलची भोकं कितीतरी जास्त आणि दाट! स्टील हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनात छर्रे जास्त मावतात. आणि कडक, त्यामुळे नळीत चेपत नाहीत, सरळ जातात. मी शहाण्यासारखा कागदावर आकडा ठळक लिहिला आणि वर हसलोसुद्धा. तिथंच माती खाल्ली.

"शूफ, देखो! स्टील अच्छा," अर्बाब खूश.

"अर्बाब, भोक जादा है, ताकत कम है. हलका छर्रा जल्दी स्लो होता है. तीन नंबर लो, बडा छर्रा. और पैंतीस यार्ड से दूर मत मारो."

"सिदीक, मेरे दोस्त, तुमने कभी बतख मारा?"

"नहीं."

"खलास." कागदाची घडी खिशात गेली.

असा संताप आला! दुसऱ्या दिवशी रद्दीतली टेलिफोन डिरेक्टरी उभी करून तेवढ्याच अंतरावरून शिसं आणि स्टील, दोन्ही पाच नंबरचे छर्रे झाडून घेतले. शिसं पानांत खोल गेलं, स्टील बरंच अलीकडे अडकलं. कागदावर जे दिसत नव्हतं ते इथं बोटानं चाचपता येत होतं. धावत फोन केला. ड्रायव्हर म्हणाला, अर्बाब सकाळीच गेले.

महिन्यानं ते आले. बसले, चहाला हात लावला नाही. "सब को लगा," ते म्हणाले. "गिरा कम. बाकी जखमी होके घास में गया. कुत्ता ढूंढता रहा, मैं भी. आवाज आता था, मिलता नहीं था."

मी म्हणालो, "अर्बाब, मैंने बोला था."

त्यांनी खिशातून घडी काढून माझ्यापुढे उलगडली. वर्तुळ माझं, ठळक आकडा माझ्या हातचा. पैंतीस यार्ड, तीन नंबर, त्यातलं एक अक्षरही मी तिथं लिहिलं नव्हतं.

"तुमने ये दिया था," ते म्हणाले.

मी उगाच पुन्हा भोकं मोजायला घेतली. आकडा बरोबर होता.