पाटीचा ठोका

उरणच्या मिठागरात वाढलेला हिरामण दादरच्या एका कार्टून स्टुडिओत फिल्म कापायचा. मालक शेठचं नाव काढलं तरी त्याच्या तोंडाची चव जायची.

त्याच स्टुडिओतल्या चित्रकार चांगदेवने वर्षभर खपून खेकड्याची एक छोटी फिल्म काढली होती. खेकडा भल्यामोठ्या नांगीने सगळ्या मिठागराला धाकात ठेवतो आणि अगदी शेवटी घरात शिरून ती नांगी काढतो, खुंटीला टांगतो. सगळी गंमत त्या एका शॉटमध्ये होती.

जाहिरातीचा ट्रेलर हिरामणने मन लावून जुळवला. कार्टूनमध्ये चित्राची एक चौकटही जादा नसते, काढलं तेवढंच, म्हणून फार जपून कापावं लागतं. पळणारे बगळे, ढोलाचा ठोका. नांगीची सावली, ठोका. बिळाचं दार उघडतंय, तिथेच काळोख. मग सगळ्यात मोठा ठोका आणि त्यावर फिल्मच्या नावाची पाटी.

शेठ म्हणाले, "दार उघडून आत काहीच नाही? नांगीचा शॉट टाक."

"शेठ, मग फिल्ममंदी काय उरंल?"

"तोवर तिकीट काढून बसलेले असतील."

हे ऐकून हिरामणला शिसारी आली. त्याने कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. तेव्हा शेठनी आपल्या भाच्याला बसवलं. भाच्याने फिल्मच्या एका जादा तयार प्रिंटमधून तो शॉट कापला आणि ट्रेलरच्या तयार प्रिंटमध्ये पाटीच्या अलीकडे चिकटवून दिला.

उरणच्या तंबूतल्या सिनेमात ट्रेलर लागला, तेव्हा हिरामण चांगदेवला घेऊन मागे बसला. त्याला एकच आशा होती. तयार प्रिंटवर आवाज चित्राशेजारी नसतो, वीस चौकटी आधी छापलेला असतो. भाच्याने नुसतं चित्र पाहून कापलं होतं.

"त्याचा आवाज मागं ऱ्हायलाय," तो कुजबुजला. "मुका शॉट हाय. कोण न्हाय हसणार."

बिळाचं दार उघडलं. काळोख झाला. आणि पाटीचा तो मोठा ठोका, जो पाटीच्या वीस चौकटी आधी, काळोखावरच छापलेला होता, जागच्या जागी वाजला. मध्ये शॉट घुसल्याने पाटी मात्र मागे सरकली होती. ठोका नेमका नांगीवर पडला. तंबू हसून हसून लोळला. पाटी मुकीच आली, फिल्मचं नाव कुणी वाचलं नाही.

"बघ, भाच्याचा हात," पुढे बसलेले शेठ वळून म्हणाले. हिरामणला त्यांची आली त्याहून जास्त किळस आपल्या ढोलाची आली.

पुढच्या आठवड्यात पुरी फिल्म लागली. मध्ये लोक थोडे हसले. खेकडा घराकडे वळला तशी पुढच्या रांगेतली सोनूबाई, हिरामणची आई, लुगडं झटकत उठली.

"आये, बस की. संपली न्हाय अजून."

"आता नांगी काढंल न् टांगंल," ती म्हणाली. "म्हाईत हाय."

तिच्यामागून सगळी रांग उठली. चांगदेव उठला नाही. पडद्यावर खेकडा नांगी काढत होता आणि समोर नुसत्या पाठी होत्या.