भरताना उभं, वाचताना बसून

कारखान्यात तिला सगळे थेंबबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम आणि पाठीमागे थेंबबाई, आणि ते तिला ठाऊक होतं. घरीही चेष्टा व्हायचीच. ही चहात दूध घालतानासुद्धा वाकून कपाच्या काठाला डोळा लावते, असं नवरा पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे हसायचे. ती हसायची नाही. तिचा सगळा जन्म काचेच्या नळीवरच्या रेघा बघण्यात गेला होता आणि त्यात विनोद काय आहे हे तिला खरोखरच कळत नसे.

कारखाना छोटा होता. मशरूम उकळून बरणीत भरायचे, वरून आंबट पाणी ओतायचं, झाकण घट्ट करायचं आणि बरण्या गरम पाण्यात ठेवून काढायच्या. मांसाच्या डब्यांना लागते तसली दाबाच्या वाफेची मोठी भट्टी इथे नव्हती. लागतच नव्हती, कारण बरणीत राखण आंबटपणा करायचा. आंबटपणा पुरेसा असेल तर हवा नसलेल्या त्या अंधारात नको ते काही जागं होत नाही. कमी पडला तर होतं, आणि त्याला दर वेळी वास येतोच असं नाही. थेंबबाई हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायची, आणि सांगताना आवाज खाली आणायची.

मालक वाईट माणूस नव्हता. फक्त गिऱ्हाइकांना फार आंबट आवडत नाही म्हणून त्याने मात्रा कमी करत करत अगदी कडेला आणून ठेवली होती. "तुम्ही आहात ना मोजायला," असं तो म्हणायचा.

मग थेंबबाईचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. महिना-दीड महिना घरी बसावं लागणार होतं. प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं. तिचा धाकटा दीर त्याच कारखान्यात भरणीच्या विभागात सुपरवायझर होता, सायन्सचा पदवीधर होता, आणि तिनेच त्याला तिथे चिकटवलं होतं. एका दुपारी तिने त्याला सगळं दाखवलं.

"काळजी करू नका वहिनी," तो म्हणाला. "कॉलेजात केलंय हे सगळं. हात बसायला कितीसा वेळ लागतो?"

त्याच आठवड्यात आंबटपणा थेट दाखवणारं मीटर बिघडून दुरुस्तीला गेलं. आता जे काही होतं ते ब्युरेटवर, म्हणजे खाली नळ असलेल्या रेघांच्या काचनळीवर होतं. तिच्यातून नमुन्यात कॉस्टिक थेंब थेंब सोडायचं, आणि रंग गुलाबी व्हायला किती लागलं त्यावरून आंबटपणा काढायचा.

ती परतली त्या सकाळी आधी प्रयोगशाळेत न जाता गोदामात गेली. का, ते तिला सांगता आलं नसतं. थंड, लांबलचक खोली, छतापर्यंत बरण्या, आणि दिवे अर्धेच लागलेले. ती मधल्या वाटेवर उभी असताना कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला. ती थांबली. बऱ्याच वेळाने पुन्हा, पलीकडच्या रांगेतून, टक्.

बरणीच्या झाकणाचा मधला भाग आत ओढलेला असतो. आत काही फुगू लागलं की तो वर उडी मारतो. तिने रांगांवरून तळहात फिरवत नेला. एक झाकण सपाट नव्हतं. मग आणखी एक लागलं.

तिने ती दोन्ही झाकणं न उघडता बरण्या बाजूला ठेवल्या, हात साबणाने धुतले, आणि त्याच घाण्यातली एक चांगली दिसणारी बरणी घेऊन प्रयोगशाळेत आली. दीर तिथेच होता. तिला बघून उठला, पण उठताना टेबलाला हात टेकला.

"या वहिनी. बरं वाटतंय ना? बघा, तुमच्यामागे एकही घाणा फेल नाही."

"तेच बघायला आले," ती म्हणाली. "कॉस्टिक कशात बनवलंत, भाऊजी?"

"कशात म्हणजे? बीकरमध्ये. हजाराची खूण आहे की त्यावर."

तिने मोठ्या बीकरकडे पाहिलं. बीकरवरच्या खुणा म्हणजे अंदाज. ढवळायला, विरघळवायला, ओतायला तो उत्तम, पण मोजायला नाही. शिवाय कॉस्टिकच्या बरणीचं झाकण सैल होतं आणि दाणे एकमेकांना चिकटले होते. हवेतली ओल पिऊन बसलेले दाणे वजनाला भरतात आणि कामाला कमी पडतात.

कॉस्टिकचा खरा जोर तपासायला तिने ऑक्झॅलिक ॲसिड तोललं, छोट्या बीकरमध्ये विरघळवलं, फनेलमधून लांब मानेच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतलं, बीकर पुन्हा पुन्हा विसळून तेही पाणी आतच घातलं. मानेपर्यंत भरल्यावर ड्रॉपर घेतला. पाणी काचेच्या कडेला वर चढतं आणि मधे खोलगट राहतं. त्या खोलगट भागाचा तळ मानेवरच्या एकाच कोरलेल्या रेघेला टेकेपर्यंत ती थेंब थेंब सोडत राहिली, गुडघे वाकवून, डोळा रेघेच्या समोर आणून. ऑपरेशनची जागा ओढली गेली तशी तिने ओठ दाबले. मग बूच लावून फ्लास्क उलटसुलट केला.

त्यातलं दहा मिलिलिटर तिने पिपेटने घेऊन एका साध्या फ्लास्कमध्ये सोडलं आणि रंग दाखवणाऱ्या द्रावाचे दोन थेंब टाकले. पिपेटच्या टोकाशी राहिलेला शेवटचा थेंब फुंकला नाही. तो तिथेच राहायचा असतो, मोजमाप तो धरूनच केलेलं असतं. मग दिराचं कॉस्टिक ब्युरेटमध्ये भरलं. ते दहा लागायला हवं होतं. दहा झालं, फ्लास्क बिनरंगीच. अकरा झालं, तरी रंग नाही. त्याच्याही पुढे गेल्यावर फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली.

"तुमचं कॉस्टिक पातळ आहे," ती म्हणाली. "जास्त लागतं. जास्त लागलं की आपल्याला वाटतं, आंबटपणा जास्त आहे."

मग तिने बरणीतलं पाणी मोजलं. हिशेब केला, पुन्हा मोजलं, पुन्हा हिशेब केला. मर्यादेपेक्षा पाचवा हिस्सा कमी.

मालकाला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. "गाड्या भरून गेल्यात मॅडम. काही माल दुकानात पोचलाही असेल. तुमचं खरं की याचं खरं, हे मी कसं ठरवू?"

"यांना माझ्यासमोर करू द्या," थेंबबाई म्हणाली. "रोज जसं करतात तसंच. मी मधे बोलणार नाही."

दिराने मान डोलावली. त्याने शंभराचा मेजरिंग सिलिंडर घेतला आणि त्यात दहा मिलिलिटर नमुना ओतला. एवढ्याशा मापाला एवढं रुंद भांडं, आणि तेही त्याने हातात उचलून ट्यूबलाइटसमोर डोळ्याच्या वर धरलं. खालून बघितलं की पातळी असते त्याहून खाली दिसते, म्हणून त्याने थोडं आणखी ओतलं. थेंबबाईने बोटं एकमेकांत अडकवली. मग त्याने नमुना फ्लास्कमध्ये ओतला आणि काही वाया जाऊ नये म्हणून सिलिंडर विसळून तेही पाणी त्यात घातलं.

ब्युरेट त्याने उभं राहून भरली, वरून वाकून शून्य बघितलं. नळाच्या खाली, टोकात, हवेचा बुडबुडा अडकला होता. तो त्याला दिसला नाही. मग तो स्टुलावर बसला आणि थेंब सोडू लागला. बुडबुडा निघून गेला, त्याची जागा कॉस्टिकने घेतली, आणि तेही फ्लास्कमध्ये गेल्याचं धरलं जाणार होतं. गुलाबी रंग आला तरी तो थांबला नाही, चांगला गडद होऊ दिला.

भरताना उभा, वाचताना बसून. वरून शून्य, खालून शेवट. एकेक चूक केसाएवढी होती, पण एकही दुसरीला खोडत नव्हती. सगळ्या मिळून एकाच बाजूला ढकलत होत्या. आणि अशाच मापाने त्याने आधी बरणीत घालायच्या ॲसिडचा जोर मोजला होता, म्हणून पाणी जास्त घातलं होतं. आणि अशाच मापाने मग ते बरोबर असल्याची खात्री केली होती.

"वाचा," ती म्हणाली.

तो मान वर करून बघत राहिला.

"वाचा ना, भाऊजी."

"दोन दिसतात," तो म्हणाला. "रेघा दोन दिसतात वहिनी. पाणीपण दोनदा दिसतंय."

तिला क्षणभर संताप आला. "आता कारणं नकोत."

"नाही, खरंच. सकाळपासून होतंय. झोप झाली नसेल म्हटलं."

तिने त्याचा चेहरा खाली वळवला. इतक्या वेळात तिने भांड्यांकडे बघितलं होतं, माणसाकडे नाही. त्याच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या आणि वर करायचा प्रयत्न केला तरी येत नव्हत्या. शब्दही जरा ओले, जड निघत होते.

"घसा कोरडा पडलाय," तो म्हणाला. मालकाने पाण्याचा ग्लास पुढे केला. दिराने घोट घेतला आणि पाणी नाकातून परत आलं.

"तुम्ही या घाण्यातली बरणी घरी नेलीत?" थेंबबाईने विचारलं.

"मीच भरलेली होती," तो म्हणाला. जणू त्यात काही गैर असूच शकत नाही. "परवा खाल्ली. हिला आवडत नाहीत, म्हणून एकट्यानेच."

गाडी मालकाने स्वतः चालवली. वाटेत त्याने फोन लावून गाड्या परत फिरवायला सांगितल्या, दुकानांना कळवायला सांगितलं, आणि सांगताना एकदाही अडखळला नाही. दवाखान्यात थेंबबाईने डॉक्टरांना बरणी दाखवली आणि आपला संशय दोन वाक्यांत सांगितला. डॉक्टर तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. विषावरचं औषध दुसऱ्या शहरातून यायचं होतं. ते पोचेपर्यंत त्याचा श्वास उथळ झाला होता आणि घशात नळी घालावी लागली. शुद्ध पूर्ण होती. डोळे मात्र मिटलेले, कारण उघडताच येत नव्हते.

जाऊ बाहेर बाकावर बसून होती. "वहिनी, मोजण्यात एवढं काय चुकलं हो त्यांचं?" तिने विचारलं. थेंबबाईने बोटाच्या चिमटीत जेमतेम जागा ठेवून दाखवली, आणि मग हात पदराखाली घेतला.

आठवडे गेले. औषधाने विष पुढे सरकायचं थांबलं, पण जे गेलं होतं ते हळूहळूच परत येत होतं. आधी नळी निघाली, मग बोटं हलू लागली. शेवटी एका दुपारी त्याने एक पापणी वर केली. रेडिओवर घोषणा झाल्या, पेट्या परत येत राहिल्या. बाहेरच्या प्रयोगशाळेनेही थेंबबाईचाच आकडा दिला. दूरच्या एका गावात एक म्हातारं जोडपं आजारी पडलं होतं. बाई वाचली.

हे त्याला कोणी सांगायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं. थेंबबाई त्या ठरावाच्या वेळी काही बोलली नव्हती.

घरी आणल्यावर एका संध्याकाळी ती त्याला भात कालवून भरवत होती. त्याचा आवाज अजून नाकातून यायचा.

"वहिनी, सगळ्या आल्या का बरण्या?"

"बऱ्याच आल्या."

"कुणाला काही झालं?"

तिने घास खाली ठेवला. मग सांगितलं. म्हाताऱ्याचं सांगितलं, त्याच्या बायकोचंही सांगितलं, काही न झाकता. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आत जाऊने भांडी आपटली, म्हणजे तिने ऐकलं होतं.

भिंतीकडेच बघत तो म्हणाला, "आणि ज्या आल्याच नाहीत, त्या कुठायत?"

"कुणाच्या तरी फडताळात," थेंबबाई म्हणाली.