ठकूबाईंच्या वाढदिवसाला गेणभाऊंनी वाचलेला कागद

माणूस मेल्याशिवाय गेणभाऊंना बोलता येत नाही, असं राजुरीत चेष्टेनं म्हणतात. आणि खोटं कशाला बोला, त्यात तथ्य आहे! दूध डेअरीतून सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाल्यापासून गेणभाऊ कुठल्याही दहाव्याला हजर. पिंपळवंडी असो की पिंपरी पेंढार, नदीकाठी पिंडं मांडली, मंडळी कावळ्याची वाट बघू लागली, की माईक आपसूक त्यांच्या हातात. मग ‘अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी’ असं सुरू झालं की बायकांचे पदर डोळ्यांना. गेलेला गडी जन्मभर भावकीशी भांडलेला असला तरी दहाव्याला मनमिळाऊच. खिशात एक निळी डायरी असायची. वाक्यं तयार, नावाची जागा तेवढी मोकळी.

आषाढात अशाच एका दहाव्याहून परतताना जीपमध्ये शेजारी बसलेली त्यांची वहिनी ठकूबाई म्हणाली, “गेना, लई ग्वाड बोललास. माज्या दहाव्यालाबी आसंच बोलशील. पर मला कुटं ऐकाया येणार हाय?”

म्हातारी हसत बोलली, पण गेणभाऊंना ते लागलं. आई गेली तेव्हा ते तीन वर्षांचे. पुढच्याच वर्षी थोरल्या भावाची बायको म्हणून सोळा वर्षांची ठकूबाई घरात आली, आणि तिनंच त्यांना वाढवलं. तिच्याबद्दल सगळ्या गावाला ते सांगत, तिला मात्र एकदाही काही सांगितलं नव्हतं. जितेपणी तिनं ऐकायला हवं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

आधारकार्डावर ठकूबाईची जन्मतारीख एक जानेवारी आहे. ती शाळेत मास्तरांनी लावलेलीही नाही, आधारच्या कॅम्पातल्या पोरानं अंदाजानं टाकलेली! तिची आई सांगायची, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाली. तोच दिवस धरून यंदा ऐंशीवा करायचा असं तिचा मुलगा चांगदेव यानं ठरवलं. शुभेच्छा कोण वाचणार, हे विचारायची गरजच नव्हती.

गेणभाऊंनी दोन पानं लिहून काढली आणि चांगदेवच्या मुलीला, वृषालीला, मोठ्या अक्षरात टाईप करायला दिली. ती मंचरला नोकरीला, सणाला आलेली.

“‘मायेचा सागर, त्यागाची मूर्ती, कष्टाळू, मनमिळाऊ...’ अण्णा, थांबा जरा.” तिनं आजीच्या नावावर बोट ठेवलं आणि त्या जागी शेजारच्या सरूबाईचं नाव घालून सगळं परत वाचलं. एक शब्द अडला नाही.

“सरूबाई आणि त्यागाची मूर्ती!” गेणभाऊ उसळले. “बांधावरचा आंबा सोडंना ती!”

“तेच म्हणते मी. नाव बदललं तरी चालतंय, म्हणजे हे आजीचं नाहीच. मी फोनवर आलेली गुलाबाची फुलं तशीच पुढं पाठवली की तुम्ही त्याला उष्टं म्हणता. मग हे काय ताजं आहे?”

पोरगी तोंडाळ खरी, पण वर्मावर बोट ठेवलं. गेणभाऊ दिवसभर घुश्शात होते. संध्याकाळी आपणच गेले. “मग कसं लिव्हायचं म्हनतीस?”

“तुम्ही तिच्याशी घरात बोलता तसंच. तिला वाचता येत नाही, ती ऐकणार. तुमच्या तोंडात बसत नाही तो शब्द कागदावर कशाला? आणि एकच गोष्ट सांगा, जी फक्त तिनंच केली आणि फक्त तुमच्यासाठी. शेवटी शतायुषी व्हा म्हणू नका. तिला खरंच काय हवंय ते मागा.”

ठकूबाईला काय हवंय ते सोपं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी सुईत दोरा ओवता येईना, आणि गोधडी शिवल्याशिवाय तिचा दिवस जाईना. तेवढं त्यांनी लगेच लिहिलं. अडलं ते एका गोष्टीपाशी. ती त्यांना माहीत होती. तिला माहीत होती. तिसऱ्या कुणाला नाही. एकदा लिहिली, फाडली. छ्या, अडुसष्टाव्या वर्षी, पंचक्रोशीत मान असलेल्या माणसानं हे चारचौघांत सांगायचं? मग तिच्या हातच्या पिठल्याबद्दल लिहिलं. पिठलं काय, सरूबाईही बरं करते.

शेवटी पुन्हा तीच गोष्ट लिहिली. गोठ्यात गाईंपुढे मोठ्यानं वाचून पाहिली. जिथं जीभ अडखळली ते वाक्य तोडलं, जिथं भाषणाचा सूर लागला तिथं काट मारली. दोन पानांचं अर्धं पान झालं. तरी धीर होईना, म्हणून वाढदिवसाला निघताना सदऱ्याच्या एका खिशात हा कागद आणि दुसऱ्यात निळी डायरी ठेवली.

अंगणात पन्नासेक माणूस. औक्षण झालं, आळेफाट्यावरून आणलेला केक कापून झाला. नवं लुगडं नेसलेली ठकूबाई खुर्चीत अवघडून बसली होती. माईक हातात आला. गेणभाऊंचा हात सवयीनं डायरीकडे गेला. तेवढ्यात म्हातारीनं कानामागं हात धरला आणि पुढं वाकली. त्यांनी डायरी सोडली आणि दुसऱ्या खिशातला कागद काढला.

“वयनी, आज तुझा वाढदिवस. तुझ्या लग्नात मी चार वर्षांचा होतो. तुला वाटलं असंल, नवऱ्याबरोबर हे बी एक गळ्यात पडलं. मी आठ वर्षांचा होईस्तवर रोज अंथरूण ओलं करायचो.”

पोरं फिसकन हसली. गेणभाऊ मान वर न करता वाचत राहिले.

“बापाचा, दादांचा मार लई वाईट. तू कोंबडं आरवायच्या आधी उठायचीस, माझी गोधडी काढून धुवायचीस, आणि दादांनी विचारलं की म्हणायचीस, माझ्या हातनं तांब्या लवंडला. चार वर्षं तुझ्या हातनं रोज तांब्या लवंडला. दादा म्हणायचे, सून आंधळी मिळाली. तू खाली मान घालून ऐकायचीस. वयनी, मला समदं ठावं होतं. मी पडल्या पडल्या ऐकायचो आणि गप राहायचो. साठ वर्षं गप राहिलो, ते माझं चुकलं. तुझ्या सुईत तुझा दोरा तुला ओवता येवो. नाहीच आला तर हाक मार, मी समोरच राहतो. तुझा गेना.”

आता कुणी हसत नव्हतं. चांगदेव आईकडे बघत राहिला. त्यालाही हे आजच कळत होतं. ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं, काठी टेकत उठली आणि माईकची गरज नसलेल्या आवाजात सगळ्यांना म्हणाली, “आवं, ह्याचं काय मनावर घेता! ह्याला भाशनं करायची सवं हाय, कायबी बोलतोय. तांब्या माज्याच हातनं लवंडायचा!”

आणि गेणभाऊंचा हात धरून तिनं त्यांना शेजारी बसवून घेतलं.